उत्पन्नातील तफावत: नोटिशीच्या उत्तराचा हिशोब

आयकर खात्याच्या ‘उत्पन्नात तफावत’ या नोटिशीत दोन आकड्यांची तुलना केलेली असते. एक आकडा करदात्याने विवरणपत्रात भरलेला असतो. दुसरा मालक, बँका, म्युच्युअल फंड अशा संस्थांनी त्याच्या पॅनवर कळवलेल्या नोंदींची बेरीज असते. दोन्हींत अंतर पडले की यंत्रणा कारण विचारते. हे अंतर म्हणजे लपवलेले उत्पन्न असेलच असे नाही, आणि नसेलच असेही नाही. बहुतेक प्रकरणांत थोडे हे आणि थोडे ते असते. म्हणून उत्तराच्या पत्राचे खरे काम एकच असते: तफावतीच्या रकमेचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यापुढे त्याचे कारण आणि पुराव्याचा कागद ठेवायचा.

खात्याकडची माहिती ‘वार्षिक माहिती विवरण’ म्हणजे एआयएस या नावाने करदात्याला पोर्टलवर पाहता येते. त्यात एकच रक्कम दोन वाटांनी येऊ शकते. बँकेने ठेवीच्या व्याजावर टीडीएस कापला की ते व्याज टीडीएसच्या तिमाही विवरणातून कळवले जाते. तीच बँक वर्षाअखेर सर्व खातेदारांना दिलेल्या व्याजाची माहिती ‘विनिर्दिष्ट आर्थिक व्यवहारां’च्या विवरणातूनही पाठवते. ही दुबार नोंद यंत्रणा बहुधा ओळखते आणि एकदाच मोजते. दोन नोंदी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर मात्र व्याज दोनदा मोजले जाते.

नोटीस हाती आली की आधी ती खरी आहे का ते पाहावे. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि पोर्टलवर तो टाकून, लॉग-इन न करताही, पत्राची खातरजमा करता येते. ईमेलमधल्या दुव्यावरून पैसे भरायला सांगणारे पत्र या पहिल्याच पायरीवर उघडे पडते.

दुसरी गोष्ट कलमाची. कलम १३९(९) खालची नोटीस विवरणपत्र सदोष असल्याचे सांगते. टीडीएसचे श्रेय घेतले पण ज्या उत्पन्नावर तो कापला गेला ते दाखवले नाही, हा त्यातला एक नेहमीचा दोष. कलम १४३(२) खालची नोटीस छाननीची असते आणि ती आल्यावर दुरुस्तीच्या बऱ्याच वाटा बंद होतात. ई-पडताळणी योजनेत कलम १३३(६) खाली येणारी नोटीस माहिती मागते. यात अजून कर आकारलेला नसतो, केवळ खुलासा मागितलेला असतो, आणि चूक स्वतःहून सुधारायला जागा असते. पुढचे उदाहरण याच प्रकारचे आहे. ते कल्पित असले तरी अशा नोटिशींत आकडे साधारण याच घडणीचे असतात.

पुण्यातल्या एका नोकरदाराने आर्थिक वर्ष २०२३-२४ चे विवरणपत्र जुलै २०२४ मध्ये, नव्या करप्रणालीनुसार भरले. वर्षाच्या मध्यावर त्याने नोकरी बदलली होती. नोटिशीत पगार ११,१६,००० रुपये आणि व्याज १,५६,४०० रुपये, मिळून १२,७२,४०० रुपये दाखवले होते. विवरणपत्रात पगाराखाली १०,६६,००० आणि व्याजाखाली ५५,६००, मिळून ११,२१,६०० रुपये होते. तफावत १,५०,८०० रुपयांची.

पगाराचा उलगडा दोन फॉर्म १६ वरून होतो. या प्रमाणपत्राचा भाग ‘अ’ तिमाहीनुसार दिलेला पगार आणि कापलेला कर सांगतो. भाग ‘ब’ मध्ये पगाराची फोड आणि वजावटी असतात. पहिल्या मालकाकडचा एकूण पगार ४,८६,००० आणि दुसऱ्याकडचा ६,३०,०००. बेरीज ११,१६,०००, म्हणजे नोटिशीतलाच आकडा. विवरणपत्रातला १०,६६,००० हा त्यातून ५०,००० ची प्रमाणित वजावट गेल्यावरचा आहे. नोटिशीने ढोबळ पगाराची तुलना निव्वळ पगाराशी केली, एवढेच यात झाले. पगाराच्या बाजूला लपलेले काही नाही.

इथे एक बारकावा मात्र अधिकारी तपासतो. दोन्ही मालकांनी आपापल्या फॉर्म १६ मध्ये प्रमाणित वजावट दिलेली असते, कारण नव्या मालकाला जुन्या पगाराची माहिती दिलीच असेल असे नाही. दोन्ही भाग ‘ब’ मधले शेवटचे आकडे, म्हणजे ४,३६,००० आणि ५,८०,०००, तसेच्या तसे जोडले तर १०,१६,००० येतात आणि वजावट दोनदा घेतली जाते. मध्येच नोकरी बदललेल्यांच्या विवरणपत्रांत ही चूक हमखास आढळते. उदाहरणातल्या माणसाने ती केली नव्हती, आणि वजावट एकदाच घेतल्याचे पत्रात स्पष्ट लिहिणे त्याच्याच फायद्याचे होते.

व्याजाकडे वळल्यावर काम अधिक बारीक होते. नोटिशीतल्या १,५६,४०० मध्ये चार नोंदी होत्या. एका राष्ट्रीयीकृत बँकेतील मुदत ठेवीचे ४८,२०० टीडीएसच्या विवरणातून आलेले. त्याच बँकेचे ४८,२०० आर्थिक व्यवहारांच्या विवरणातून आलेले. तिथल्याच बचत खात्याचे ७,४००. आणि एका सहकारी बँकेतील पुनर्गुंतवणूक ठेवीचे ५२,६००. विवरणपत्रात यांपैकी ४८,२०० आणि ७,४०० दाखवले होते.

या ठिकाणी बँकेकडून मिळणारे व्याज प्रमाणपत्र निर्णायक ठरते. ते घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. कालावधी १ एप्रिल ते ३१ मार्च असावा. प्रत्येक ठेवीचा खाते क्रमांक वेगळा दिलेला असावा. आणि ‘दिलेले व्याज’ व ‘उपार्जित व्याज’ असे दोन रकाने असावेत. काही शाखा सगळ्या ठेवींचा एकच गोळाबेरीज आकडा देतात. तो दुबार नोंद सिद्ध करायला पुरत नाही, कारण कोणत्या ठेवीचे किती व्याज हेच त्यातून कळत नाही. टीडीएसचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १६ए, हाही पर्याय नव्हे. कर कापलाच नसेल तर तो फॉर्म निघतच नाही. २०२३-२४ मध्ये साठ वर्षांखालील ठेवीदाराच्या वर्षभराच्या व्याजावर ४०,००० रुपयांपर्यंत बँक कर कापत नसे. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली. मर्यादेच्या आतले व्याजही करपात्रच असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

राष्ट्रीयीकृत बँकेच्या प्रमाणपत्रात त्या वर्षी एकच मुदत ठेव दिसली आणि तिचे व्याज ४८,२००. म्हणजे त्याच रकमेची दुसरी नोंद दुबार होती आणि तफावतीतून ४८,२०० गेले. पगाराचे ५०,००० आधीच गेले होते. उरले ५२,६००.

ही रक्कम मात्र खरी होती. सहकारी बँकेतील ठेव पाच वर्षांची, व्याज मुदतीअंती एकदम मिळणारे. वर्षभरात हाती एक रुपयाही आला नाही. पासबुकात जमा नाही, म्हणून उत्पन्न नाही असे त्याने धरले. बँकेने मात्र व्याज दरवर्षी उपार्जित धरून ५,२६० रुपये टीडीएस कापला होता. विवरणपत्रात आधीच भरून आलेला व्याजाचा आकडा त्याने पासबुकाशी ताडून कमी केला आणि टीडीएसचा आकडा होता तसा ठेवला. त्यामुळे उत्पन्न दाखवले नाही, पण त्यावरच्या कराचे श्रेय घेतले, अशी स्थिती झाली. यंत्रणेच्या नजरेत भरणारी विसंगती हीच.

यावर एक बचाव कायद्यात आहे, पण तो सगळ्यांना लागू पडत नाही. ‘इतर स्रोतां’खालचे उत्पन्न करदाता रोखीच्या किंवा उपार्जनाच्या पद्धतीने मोजू शकतो. अट अशी की जी पद्धत धरली ती नियमित पाळली पाहिजे. व्याज हाती आल्यावरच दाखवण्याची पद्धत तो वर्षानुवर्षे पाळत असता, तर ५२,६०० या वर्षात न दाखवणे समर्थनीय ठरले असते. तेव्हा टीडीएसचे श्रेयही, नियम ३७बीए नुसार, व्याज करपात्र होईल त्या वर्षासाठी पुढे न्यावे लागले असते. या माणसाने आदल्या वर्षी याच ठेवीचे उपार्जित व्याज दाखवले होते. पद्धत ठरलेली होती, एका वर्षी मोडली गेली. अशा वेळी ‘व्याज अजून मिळालेले नाही’ असे लिहिणे घातक, कारण आदल्या वर्षाचे विवरणपत्र खात्याकडेच असते.

‘बँकेने कर कापला आहे, त्यामुळे कर भरलेला आहे’ हे वाक्य अशा पत्रांत वरचेवर दिसते. ते दोनदा चुकीचे आहे. बँक १० टक्के कापते. या माणसाचे उत्पन्न ९ ते १२ लाखांच्या टप्प्यात होते आणि त्या वर्षी नव्या प्रणालीत त्या टप्प्याचा दर १५ टक्के होता. ५२,६०० वर १५ टक्क्यांनी ७,८९० रुपये आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून सुमारे ८,२०६ रुपये कर होतो. शिवाय ५,२६० चे श्रेय मूळ विवरणपत्रातच वापरून झाले होते. त्यामुळे ८,२०६ मधून ५,२६० वजा करून २,९४६ भरावेत, असा हिशोब इथे चालत नाही. पूर्ण ८,२०६ भरायचे आहेत.

ते भरण्यासाठी पत्र पुरत नाही. पत्र खुलासा करते, उत्पन्नाची दुरुस्ती विवरणपत्रातूनच होते. सुधारित विवरणपत्राची मुदत १५ जानेवारी २०२५ रोजी संपली होती. उरले कलम १३९(८अ) खालचे अद्ययावत विवरणपत्र. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ साठी ते ३१ मार्च २०२६ पर्यंत भरल्यास कर आणि व्याज मिळून होणाऱ्या रकमेवर २५ टक्के जादा कर लागतो. त्यापुढच्या वर्षभरात हा दर ५० टक्के होतो. पहिल्या मुदतीत भरल्यास केवळ करावर जादा रक्कम सुमारे २,०५१ रुपये होते, म्हणजे ८,२०६ चे सुमारे १०,२५७. व्याज लागू असेल तर ते आणि त्यावरचे २५ टक्के वेगळे. या वाटेच्या काही मर्यादा आहेत. कर कमी करण्यासाठी किंवा परतावा वाढवण्यासाठी ती वापरता येत नाही. त्या वर्षाची करनिर्धारणाची कार्यवाही चालू असतानाही ती बंद असते. छाननीची नोटीस आल्यावर ही संधी मिळत नाही, ती याचसाठी. तेव्हा करदाता फार तर कर भरून चलनाचा तपशील अधिकाऱ्यासमोर ठेवू शकतो.

अद्ययावत विवरणपत्र आधी भरून, त्याचा पोच क्रमांक हाती असताना पत्र लिहिणे उत्तम. प्रत्यक्षात अशी पत्रे बहुधा इंग्रजीत जातात. मजकूर मात्र असा असावा:

> विषय: करनिर्धारण वर्ष २०२४-२५, कलम १३३(६) खालील नोटिशीस उत्तर. संदर्भ: नोटिशीचा दस्तऐवज ओळख क्रमांक व दिनांक.
>
> महोदय, नोटिशीत एकूण उत्पन्न १२,७२,४०० रुपये आणि विवरणपत्रात ११,२१,६०० रुपये दाखवले असून तफावत १,५०,८०० रुपये आहे. तिचा तपशील पुढीलप्रमाणे.
>
> पगार, ५०,००० रुपये: नोटिशीतील ११,१६,००० हा दोन मालकांकडील ढोबळ पगार आहे (४,८६,००० अधिक ६,३०,०००). विवरणपत्रातील १०,६६,००० हा कलम १६ खालील प्रमाणित वजावटीनंतरचा आहे. दोन्ही फॉर्म १६ मध्ये ही वजावट दिसत असली तरी ती एकदाच घेतली आहे. जोडपत्र १ व २.
>
> मुदत ठेवीचे व्याज, ४८,२०० रुपये: ही रक्कम टीडीएसच्या विवरणात आणि आर्थिक व्यवहारांच्या विवरणात अशी दोनदा आली आहे. बँकेच्या प्रमाणपत्रानुसार संबंधित वर्षात माझी एकच ठेव होती. हे व्याज विवरणपत्रात दाखवलेले आहे. जोडपत्र ३.
>
> सहकारी बँकेतील ठेवीचे उपार्जित व्याज, ५२,६०० रुपये: ही रक्कम विवरणपत्रात दाखवायची राहिली. त्यावरील ५,२६० रुपये टीडीएसचे श्रेय मात्र घेतले गेले होते. आदल्या वर्षी याच ठेवीचे व्याज उपार्जन पद्धतीने दाखवले होते. कलम १३९(८अ) खाली अद्ययावत विवरणपत्र दाखल करून देय कर, व्याज व जादा कर भरला आहे. पोच व चलन, जोडपत्र ४ ते ६.
>
> वरील तीन रकमांची बेरीज १,५०,८०० रुपये होते. अन्य तफावत शिल्लक नाही.

पत्राची ताकद शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. तीन तुकडे जोडल्यावर नोटिशीतलाच आकडा आला पाहिजे. शंभर रुपये जरी उरले तरी ते कोणत्या नोंदीत आहेत हे शोधूनच पत्र पाठवावे. उरलेला आकडा ‘किरकोळ फरक’ म्हणून सोडून दिला की वाचणाऱ्याला पुढचा प्रश्न आयता मिळतो. हिशोब आपल्या बेरजेपासून नव्हे, नोटिशीतल्या आकड्यापासून सुरू करायचा, तोही याच कारणासाठी. अधिकाऱ्यासमोर त्याचा आकडा असतो.

राहिलेल्या उत्पन्नाची कबुली द्यायला लोक कचरतात. कायद्याची रचना मात्र कबुलीच्या बाजूची आहे. छाननीत उत्पन्न कमी दाखवल्याचे ठरले तर कलम २७०अ खाली त्या उत्पन्नावरील कराच्या ५० टक्के दंड होऊ शकतो. चुकीची माहिती दिल्याचे ठरले तर २०० टक्के. आपले स्पष्टीकरण प्रामाणिक असून सर्व महत्त्वाची तथ्ये उघड केली आहेत असे अधिकाऱ्याचे समाधान झाले, तर ती रक्कम कमी दाखवलेल्या उत्पन्नात धरली जात नाही. ५२,६०० बद्दल गोलमोल लिहिलेले पत्र ही पळवाट आपल्याच हाताने बंद करते.

जोडपत्रांत हवे तेवढेच द्यावे: दोन्ही फॉर्म १६, दोन्ही बँकांची व्याज प्रमाणपत्रे, चलन आणि अद्ययावत विवरणपत्राची पोच. पगाराच्या चिठ्ठ्या फॉर्म १६ बद्दल वाद असेल तेव्हाच लागतात. उदाहरणार्थ, जुन्या मालकाने शेवटच्या हिशोबातली रक्कम पुढच्या तिमाहीत कळवली असेल तर. वर्षभराचे बँक उतारे सरसकट जोडण्याची सवय चांगली नाही. न विचारलेल्या व्यवहारांवर त्यातून नवे प्रश्न निघतात.

पत्राबरोबर आणखी एक काम करावे लागते. एआयएसमधल्या दुबार नोंदीसमोर अभिप्राय देण्याची सोय असते. तिथे `Information is duplicate / included in other information` हा पर्याय निवडावा आणि ज्या नोंदीत ती रक्कम आधीच आली आहे ती दाखवावी. अभिप्रायाने नोटिशीचे उत्तर होत नाही आणि उत्तराने नोंद सुधारत नाही. दोन्ही स्वतंत्र आहेत. ५२,६०० ची नोंद मात्र बरोबर आहे असेच कळवायचे. पत्रात मान्य केलेली रक्कम पोर्टलवर नाकारली तर दोन्ही कागद एकमेकांना खोटे पाडतात.

संयुक्त ठेवींचा प्रश्न वेगळा. आईचे पैसे, पण ठेवीवर पहिले नाव मुलाचे असेल तर व्याज त्याच्या पॅनवर कळवले जाते. पैसे आईच्या खात्यातून गेल्याचा उतारा आणि तिच्या विवरणपत्रात तेच व्याज दाखवल्याची प्रत जोडली तर खुलासा टिकतो. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर तो टिकणे अवघड.

उत्तर पोर्टलवर नोटिशीत दिलेल्या तारखेच्या आत दाखल करावे. कागद वेळेत मिळत नसतील, विशेषतः जुन्या मालकाकडून, तर मुदतवाढ त्या तारखेच्या आधी मागावी. कलम १३३(६) खाली मागितलेली माहिती न दिल्यास दिवसाला ५०० रुपये दंडाची तरतूद आहे, आणि न उत्तरलेली तफावत तशीच पुढच्या टप्प्याकडे जाते. तो टप्पा म्हणजे कलम १४८अ खालची कारणे दाखवा नोटीस.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ अमलात येतो. तरी या उदाहरणातले वर्ष त्याआधीचे असल्याने त्याचा निवाडा १९६१ च्या कायद्यानेच होतो. त्या कायद्यानुसार सुटलेले उत्पन्न ५० लाखांपेक्षा कमी असेल तर फेरनिर्धारणाची नोटीस करनिर्धारण वर्ष संपल्यापासून तीन वर्षे तीन महिन्यांपर्यंत येऊ शकते. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ साठी ही तारीख ३० जून २०२८ आहे. उत्तराची प्रत, पोर्टलवरची पोच आणि व्याज प्रमाणपत्रे निदान तोपर्यंत जपून ठेवावीत.